लूप जुळला, पण टाकीची उंची चुकली: कॅम्पस लेव्हलिंगचा प्रोजेक्ट कसा करावा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात दरवेळी एखादा तरी ग्रुप माझ्याकडे "सर, कॅम्पसचा कंटूर मॅप करायचाय" म्हणून येतो. विषय सोपा वाटतो, कारण लॅबमध्ये ऑटो लेव्हल असते, स्टाफ असतो आणि जमीन पायाखालीच असते. बहुतेक ग्रुप गेटजवळच्या बेंचमार्कपासून निघतात, कॅम्पसभर फिरून परत तिथेच येतात, क्लोजिंग एरर दोन-तीन मिलिमीटर निघाली की खूश होतात आणि रिपोर्टमध्ये "अचूकता समाधानकारक" असं लिहून टाकतात. या लेखात मी प्रोजेक्टच्या पायऱ्या सांगणार आहेच, पण भर त्या शेवटच्या वाक्यावर आहे. उताराच्या जागेवर लूप स्वतःशी सुरेख जुळूनही वरच्या टोकाची उंची चुकलेली असू शकते. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका ग्रुपच्या बाबतीत नेमकं हेच झालं, म्हणून त्यांचीच आकडेमोड इथे घेतो.

आमचं कॉलेज पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी आहे. खाली मुख्य गेट, वर हॉस्टेल आणि त्याच्याही वर पाण्याची टाकी. गेट ते टाकी चालत अंदाजे २८० मीटर आणि चढ साडेअकरा मीटरच्या आसपास. पुण्यात टेकड्यांच्या कुशीत वसलेली अशी कॅम्पस कमी नाहीत, त्यामुळे ही गोष्ट फक्त आमची नाही.

आधी दोन माहीत असलेल्या उंची शोधा

एक नव्हे, दोन. आणि शक्यतो एक खालच्या टोकाला, एक वरच्या.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जीटीएस बेंचमार्क. ती दगडात किंवा जुन्या इमारतीच्या जोत्यावर कोरलेली असते आणि तिची समुद्रसपाटीपासूनची उंची त्या विभागाकडून मिळते. विभागाचं कार्यालय पुण्यातच आहे, त्यामुळे कॉलेजचं पत्र घेऊन चौकशी करायला आळस करू नका. मूल्य घेताना एक विचारून घ्या: आकडा १९०९ च्या जुन्या समायोजनाचा आहे की २००९ च्या नव्या डेटमवरचा. एक बेंचमार्क जुन्यातला आणि दुसरा नव्यातला घेतलात, तर तुमचं काम कितीही चोख असो, दोन्ही एकमेकांशी जुळणार नाहीत.

कॅम्पसजवळ जीटीएस खूण नसेल तर बांधकामाच्या वेळी आणलेले तात्पुरते बेंचमार्क चालतात. आमच्याकडे हॉस्टेल बांधताना सल्लागारांनी दोन खुणा ठेवल्या होत्या. गेटजवळच्या मोरीच्या कठड्यावर पितळी स्टड, त्याची उंची ५७१.२४५ मीटर. टाकीच्या जोत्यावर दुसरा स्टड, ५८२.६१० मीटर. दोन्ही एकाच वेळी, एकाच डेटमवर ठरवलेल्या होत्या. म्हणजे फरक ११.३६५ मीटर.

नकाशावरची जोत्याची पातळी ही "माहीत असलेली उंची" नव्हे, एवढं लक्षात ठेवा. ती डिझाइनमधली पातळी असते, प्रत्यक्षात जोतं दोन-चार सेंटिमीटर वर-खाली बांधलेलं असू शकतं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंचीही उपयोगाची नाही, कारण ती नेमकी कुठल्या बिंदूची हे पाटी सांगत नाही. मोबाइलच्या जीपीएसची उंची तर सोडूनच द्या. मुळात ती कित्येक मीटरनी डुलते, शिवाय पुण्याच्या भागात उपग्रहांनी मोजलेली उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत पन्नास मीटरहून जास्त अंतर असतं. ते कुठल्या ॲपने वजा केलंय आणि कुठल्याने नाही, हे तुम्हाला कळणार नाही.

यंत्राची तपासणी: टू-पेग टेस्ट

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते टाळणाऱ्या ग्रुपला मी मैदानावर सोडत नाही.

सपाट जागेवर ६० मीटर अंतरावर अ आणि ब अशा दोन खुंट्या ठोका. लेव्हल बरोबर मध्ये लावा. आमच्या ग्रुपचं अ वरचं रीडिंग १.४२५ आणि ब वरचं १.२१० आलं, म्हणजे ब हा अ पेक्षा ०.२१५ मीटरने उंच. यंत्राची दृष्टिरेषा वर किंवा खाली झुकलेली असली तरी मध्यावरून दोन्हीकडे चूक सारखीच येते आणि वजाबाकीत जाते, म्हणून हा फरक खरा धरायचा. मग लेव्हल ब च्या पलीकडे दोन मीटरवर नेऊन लावा. ब वर १.३६० दिसलं, तर अ वर १.५७५ दिसायला हवं. दिसलं १.५७८. साठ मीटरच्या फरकात तीन मिलिमीटर चूक, म्हणजे मीटरला ०.०५ मिलिमीटर. डिप्लोमाच्या कामाला हे चालतं. आठ-दहा मिलिमीटर निघाली असती तर यंत्र दुरुस्तीला पाठवलं असतं. क्रॉसहेअरचा स्क्रू विद्यार्थ्यांनी स्वतः फिरवायचा नाही, हा आमच्या लॅबचा नियम आहे.

हा आकडा लेव्हल बुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे त्यानेच एका संशयिताची सुटका केली.

ऑटो लेव्हल असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. गोल बबल मध्ये आणून दुर्बिणीतून स्टाफ पाहत ट्रायपॉडच्या पायाला हलकी टिचकी मारा. रेष थरथरून पुन्हा त्याच आकड्यावर स्थिरावली तर कंपेन्सेटर मोकळा आहे. जागच्या जागी राहिली किंवा दुसऱ्याच आकड्यावर जाऊन बसली, तर तो अडकतोय.

कंट्रोलची रेषा: गेट ते टाकी आणि परत

ग्रिडचे बिंदू नंतर. आधी बेंचमार्कपासून बेंचमार्कपर्यंत फक्त बॅकसाईट आणि फोरसाईट घेत जा, मध्ये एकही इंटरमीडिएट नको. प्रत्येक स्टेशनवर मागचं आणि पुढचं अंतर पावलांनी सारखं ठेवा. चढावर ट्रायपॉडचे दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला रोवला की तो घसरत नाही. चेंज पॉइंट पक्का हवा: दगडाचा उंचवटा, काँक्रीटचा कोपरा किंवा लोखंडी फूटप्लेट. काळ्या मातीत स्टाफ दोन रीडिंगच्या मधल्या वेळात खचतो, आणि कॅम्पसमधले पेव्हर ब्लॉक दिसायला पक्के असले तरी पाय पडला की डुलतात. ब्लॉकवर टाच दाबून पाहायची, डुलला तर पुढचा शोधायचा.

काम सकाळी करा. दहानंतर डांबरावर हवा थरथरू लागते आणि स्टाफवरचे काळे-पांढरे चौकोन नाचू लागतात. रीडिंग ०.३ मीटरच्या खाली शक्यतो नको, कारण जमिनीलगतच्या हवेत दृष्टिरेषा वाकते.

आमच्या ग्रुपची चढाची बाजू अशी होती:

| स्टेशन | बॅकसाईट | फोरसाईट | चढ |
|---|---|---|---|
| १ | २.७८५ | ०.३४२ | २.४४३ |
| २ | २.६४० | ०.४३५ | २.२०५ |
| ३ | २.७१० | ०.३८० | २.३३० |
| ४ | २.७५५ | ०.४२० | २.३३५ |
| ५ | २.५६५ | ०.४९२ | २.०७३ |
| बेरीज | १३.४५५ | २.०६९ | ११.३८६ |

परत येताना उतार ११.३८३ मीटर निघाला. म्हणजे गेटच्या स्टडवर लूप ३ मिलिमीटरने जुळला. भारतीय पाठ्यपुस्तकांत अचूक लेव्हलिंगसाठी परवानगीची चूक `±१२√क` मिलिमीटर देतात, यात क म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. लूप ०.५६ किलोमीटरचा, म्हणून मर्यादा ९ मिलिमीटर. तीन म्हणजे उत्तमच.

"सर, तीन मिलिमीटर! आता ग्रिड सुरू करू ना?" ग्रुपमधली मुलगी फोनवर म्हणाली.

मी विचारलं, "टाकीच्या स्टडवर काय आलं?"

ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. टाकीचा स्टड त्यांच्या दृष्टीने नुसता एक चेंज पॉइंट होता. मोजलेला चढ ११.३८६, हवा होता ११.३६५. चूक २१ मिलिमीटर. एकेरी अंतर ०.२८ किलोमीटर, म्हणजे मर्यादा ६ मिलिमीटरच्या थोडी वर. साध्या कामाची `±२५√क` ही सैल मर्यादा लावली तरी १३ मिलिमीटर. दोन्ही ओलांडल्या होत्या.

लूपला ही चूक का दिसली नाही

चढताना मागचा स्टाफ खाली असतो, म्हणून बॅकसाईट नेहमी मोठी येते आणि फोरसाईट छोटी. वरचा तक्ता पाहा: डावीकडे सगळी अडीच मीटरच्या वर, उजवीकडे सगळी अर्ध्या मीटरच्या आत. उतरताना उलट होतं, फोरसाईट मोठी होते. आता समजा, एखाद्या कारणाने मोठी रीडिंग नेहमीच थोडी जास्त येतात आणि छोटी बरोबर येतात. मग चढताना प्रत्येक स्टेशनवर चढ थोडा फुगतो. उतरताना उतारही तेवढाच फुगतो. गेटवर परत आलात की दोन्ही फुगवटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि लूप जुळतो. टाकीची उंची मात्र फुगलेलीच राहते.

म्हणून उताराच्या कॅम्पसवर स्वतःशी जुळणारा लूप फक्त एवढंच सांगतो की तुम्ही वाचण्यात किंवा लिहिण्यात ठोकळ चूक केलेली नाही. उंचीच्या मापाचा गजच लांब-आखूड आहे का, हे दुसरा माहीत असलेला बिंदूच सांगू शकतो.

अशी चूक तीन ठिकाणांहून येऊ शकते, आणि तिन्ही तपासायच्या असतात.

पहिलं, यंत्राची दृष्टिरेषा झुकलेली आणि मागचं-पुढचं अंतर असमान. चढावर वरच्या बाजूची नजर आखूड ठेवण्याचा मोह होतोच, नाहीतर रेषा जमिनीत जाते. पण टू-पेग टेस्टचा आकडा मीटरला ०.०५ मिलिमीटर होता. प्रत्येक स्टेशनवर दहा मीटरचा फरक धरला तरी पाच स्टेशनांचे मिळून अडीच मिलिमीटर होतात. एकवीस नाही.

दुसरं, स्टाफ तिरका धरणं. तिरक्या स्टाफवर रीडिंग नेहमी मोठंच येतं, आणि जितकं वर वाचाल तितकी चूक जास्त. अडीच मीटर उंचीवर स्टाफ दहा सेंटिमीटर कलला असेल, तर दोन मिलिमीटर जास्त येतात. एकवीस पाच स्टेशनांत वाटले तर प्रत्येकी चार, आणि चार जास्त यायला तो चौदा सेंटिमीटर कलायला हवा, तोही पाचही स्टेशनांवर. त्यांच्या स्टाफला गोल बबल होता आणि धरणारा मुलगा काळजी घेणारा. (बबल नसेल तर स्टाफ हळूहळू पुढे-मागे झुलवायला सांगा आणि सर्वांत लहान रीडिंग लिहा.)

तिसरं, खुद्द स्टाफ. चार मीटरचा ॲल्युमिनियमचा सरकता स्टाफ म्हणजे एकात एक बसलेले तुकडे, प्रत्येक जोडाला एक स्प्रिंगचं बटण. बटण "टक" करून बाहेर येतं तेव्हा तुकडा जागेवर बसला असं आपण मानतो. स्टीलची टेप आणून स्टाफ आडवा न टाकता उभाच ठेवला, कारण आडवा टाकला की जोडावरचं वजन जातं आणि दोष लपतो. २.००० च्या खुणेपासून २.५०० च्या खुणेपर्यंत टेप लावली. पाचशे मिलिमीटरऐवजी चारशे शहाण्णव. बटणाचं भोक घासून लांबट झालं होतं आणि वरचा तुकडा चार मिलिमीटर खाली बसत होता. वरच्या खुणा खाली आल्या की त्याच रेषेवर मोठा आकडा दिसतो. दोन मीटरच्या वरच्या प्रत्येक रीडिंगमध्ये चार मिलिमीटर जास्त, अशा पाच बॅकसाईट, वीस मिलिमीटर. उरलेला एक मिलिमीटर आपला नेहमीचा.

लॅबचे मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "ते बटण मागच्या वर्षीपासनं ढिलं आहे, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

आम्ही लगेच दुसरा स्टाफ घेतला नाही. निदान बरोबर आहे का ते पाहायला त्याच स्टाफने, पण फक्त खालचे दोन मीटर वापरून, पुन्हा चढलो. ट्रायपॉड थोडा बुटका लावला आणि पाचाऐवजी दहा स्टेशनं केली. चढ आला ११.३६८. टाकीवर चूक ३ मिलिमीटर, मर्यादेच्या आत. शंका फिटली.

इथे एक प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात: टाकीचा स्टडच चुकीचा असेल तर? शक्य आहे. म्हणून आधी मूल्य बदलायचं नाही आणि आपली चूकही सगळ्या स्टेशनांत वाटून टाकायची नाही. मर्यादेबाहेरची चूक वाटून टाकणं म्हणजे ती लपवणं. आधी कारण शोधा, वेगळ्या पद्धतीने पुन्हा मोजा. दुसऱ्या मोजणीतही तेवढाच फरक राहिला तरच बेंचमार्कवर संशय घ्यायचा, आणि तेव्हाही तिसरी खूण शोधायची.

मग ग्रिड

कंट्रोल पक्की झाल्यावर हॉस्टेलची पायरी, वर्कशॉपचं जोतं, कँटीनमागचा चेंबर अशा तीन-चार ठिकाणी स्वतःचे तात्पुरते बेंचमार्क ठेवा, म्हणजे कुठल्याही कोपऱ्यातून चाळीस मीटरच्या आत एखादा सापडेल. ऑइलपेंटने खूण करा. खडूची खूण सफाईवाल्या मावशी पुसून टाकतात, त्यांचा काही दोष नाही.

आमचा भाग साधारण १६० बाय २४० मीटर. वीस मीटरचं ग्रिड घेतलं. एक लांब मूळ रेषा रस्त्याच्या कडेने आखायची, टेपने ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन काढायचे आणि रेंजिंग रॉडने पुढच्या रांगा सरळ ठेवायच्या. उतारावर टेप आडवी ताणून ओळंब्याने बिंदू खाली उतरवा. जिथे रिटेनिंग वॉल, नाला किंवा भराव आहे तिथे ग्रिडची वाट पाहू नका. वरच्या कडेवर एक आणि तळाशी एक बिंदू घ्या, नाहीतर नकाशावर भिंतीच्या जागी मऊ उतार दिसेल.

या बिंदूंची रीडिंग सेंटिमीटरपर्यंत घेतली तरी पुरते, कारण गवतावर स्टाफ कुठे टेकला यातच सेंटिमीटर जातो. पण एक खाच आहे. हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंट पद्धतीत बॅकसाईट-फोरसाईटच्या बेरजेचा पडताळा इंटरमीडिएट रीडिंगची उजळणी अजिबात करत नाही. एका बिंदूला १.३४ ऐवजी १.४३ लिहिलं तरी पानाखालचा पडताळा जुळतोच. राइज अँड फॉल पद्धतीत त्यांची निदान वजाबाकी तरी तपासली जाते, चुकीचं वाचलेलं तिथेही सापडत नाही. शिवाय यंत्र उचलण्याआधी सुरुवातीचा बेंचमार्क पुन्हा वाचा. तो पाच मिलिमीटरहून जास्त हलला असेल, तर कोणीतरी ट्रायपॉडला अडखळलं आहे आणि त्या स्टेशनवरचं सगळं पुन्हा.

कंटूर आणि शेवटचा पडताळा

१:५०० च्या नकाशावर अर्ध्या मीटरचे कंटूर आमच्या उताराला बरे दिसतात. शेजारच्या दोन बिंदूंच्या उंची ५७४.३८ आणि ५७५.२१ असतील, तर ५७५ चा कंटूर पहिल्यापासून ०.६२ भागिले ०.८३ गुणिले २० म्हणजे १४.९ मीटरवर. हे हाताने पन्नासेक ठिकाणी करा, मग संगणकाला करू द्या. संगणक इमारतीच्या आतूनही कंटूर काढतो, तो खोडायला तुम्हीच लागता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ती एकवीस मिलिमीटरची चूक राहिली असती तरी चार टक्क्यांच्या चढावर कंटूर अर्धा मीटर सरकला असता, नकाशावर एक मिलिमीटर. डोळ्यांना दिसलाही नसता. पण टाकीजवळच्या सपाटीला दोनशेला एक असा उतार आहे, तिथे तीच चूक कंटूर चार मीटर ढकलते. पावसाळी गटार कुठल्या बाजूला उतरवायचं ते अशाच जागी ठरतं.

नकाशाची अचूकता सांगायला आणखी एक काम करा. ज्यांनी ग्रिड घेतलं नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेंचमार्कवरून बारा बिंदू पुन्हा वाचायला लावा. बिंदू आधीच चिठ्ठ्या टाकून निवडा, सोयीचे नकोत. आमच्या बारांपैकी अकरा बिंदू दोन सेंटिमीटरच्या आत बसले, त्यांची वर्गमध्यमूळ चूक १.१ सेंटिमीटर. बारावा पाच सेंटिमीटरने खाली गेला होता, कारण मधल्या दिवशी माळ्याने तिथलं आळं खणलं होतं. त्याला धरून आकडा १.८ होतो. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे द्या आणि आळ्याचं कारणही लिहा. परीक्षकाने विचारलंच तर फोटो दाखवता यायला हवा.

तो स्टाफ अजून लॅबच्या कोपऱ्यात आहे. मामांनी त्यावर लाल ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: "दोन मीटरपर्यंतच."